मोहेंजोदडोची वीट, मोरी आणि वजनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोहेंजोदडो फक्त दोनशे वर्षं जुनं आहे, असं एका मराठी संशोधकानेच सांगितलं होतं म्हणतात. खरं का?

खरं आहे, आणि सांगणारे कुणी ऐरेगैरे नव्हते. देवदत्त रामकृष्ण भांडारकर, म्हणजे सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचे चिरंजीव, १९११-१२ च्या हिवाळ्यात पुरातत्त्व खात्यातर्फे सिंधमध्ये गेले होते. तिथली टेकडी त्यांनी पाहिली आणि अहवालात लिहिलं की हे अवशेष फार तर दोनशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या गावाचे असावेत. त्यांचं एक कारण असं होतं की इथल्या विटा आजच्यासारख्या दिसतात.

या चुकीबद्दल भांडारकरांना हसू नये असं मला मनापासून वाटतं. तुम्ही-आम्ही तिथे उभे असतो तर हेच म्हणालो असतो. भट्टीत नीट भाजलेली, सरळ कडांची, हातात मावणारी लालसर वीट. ती साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे, हे कुठल्या डोळ्यांना दिसणार? पुढे त्याच खात्याच्या पुण्याच्या कार्यालयातून राखालदास बॅनर्जी तिथे गेले, १९२२ मध्ये त्यांनी खोदकाम सुरू केलं, आणि हडप्प्यात सापडल्या होत्या तशाच मुद्रा इथेही मिळाल्या. दोन्ही शहरांमध्ये शेकडो किलोमीटरचं अंतर. १९२४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे प्रमुख जॉन मार्शल यांनी ही सिंधू संस्कृती जगासमोर मांडली. आज तिचा भरभराटीचा काळ साधारण इ.स.पू. २६०० ते १९०० असा धरतात.

या पानावर मी मुख्यतः मोहेंजोदडोबद्दलच बोलणार आहे. घरातलं पाणी कुठून यायचं आणि कुठे जायचं, हे तिथे जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचितच दिसतं.

विटांचं १:२:४ हे प्रमाण म्हणजे नक्की काय?

वीट जितकी जाड, तिच्या दुप्पट रुंद आणि चौपट लांब. घरांसाठी वापरलेली नेहमीची वीट साधारण ७ सेंटिमीटर जाड, १४ रुंद आणि २८ लांब. तटबंदी आणि चौथऱ्यांच्या मोठ्या विटा १० × २० × ४० च्या आसपास. आकार बदलला, पण प्रमाण तेच राहिलं.

याचा फायदा कुठल्याही गवंड्याला विचारा. भिंत एका विटेइतकी, म्हणजे २८ सेंटिमीटर जाड बांधायची आहे असं समजा. पहिल्या थरात विटा भिंतीच्या लांबीच्या दिशेने ठेवल्या, तर शेजारी शेजारी दोन विटा बसतात: १४ आणि १४ मिळून २८. वरच्या थरात वीट आडवी घातली, तर एकच वीट भिंतीची पूर्ण जाडी व्यापते: २८. दोन्ही थर बरोबर जुळतात आणि खालचा सांधा वरच्या विटेखाली झाकला जातो. सांध्यावर सांधा आला की भिंत तिथेच चिरते. रुंदी लांबीच्या निम्मी नसती, तर प्रत्येक थरात विटा फोडून तुकडे बसवावे लागले असते.

जाडी रुंदीच्या निम्मी असण्याचाही उपयोग होता. वीट कडेवर उभी केली तरी माप जमतं. मोरीच्या फरशीत त्यांनी विटा अशाच कडेवर लावल्या, कारण तिथे वरचा पृष्ठभाग झिजतो.

मग सगळ्या विटा अगदी सारख्या होत्या का?

नाही. साच्यातून काढलेली माती वाळताना आणि भाजताना आक्रसते, त्यामुळे एकाच भिंतीतल्या विटांमध्येही फरक सापडतो. जुन्या घरांतल्या विटा काढून नव्या घरांत वापरण्याचीही पद्धत होती. शिवाय हे प्रमाण सुरुवातीपासून नव्हतं. राजस्थानातल्या कालीबंगामध्ये आधीच्या थरांत १:२:३ प्रमाणाच्या विटा आहेत आणि नंतरच्या थरांत १:२:४ च्या. म्हणजे बदल कुठे झाला ते जमिनीत अक्षरशः थराने दिसतं.

सगळ्या विटा भाजलेल्याही नव्हत्या. भट्टीला भरपूर जळण लागतं. कालीबंगामध्ये घरं मुख्यतः कच्च्या विटांची, आणि भाजलेली वीट विहीर, न्हाणी, मोरी अशा पाण्याच्या जागी. कच्छमधल्या धोलावीरामध्ये दगड मुबलक, म्हणून तिथे भिंतीच दगडाच्या. मोहेंजोदडोमध्ये मात्र अख्खी घरं भाजक्या विटांची आहेत, आणि म्हणूनच ती आज माणसाच्या डोक्यावर जातील इतकी उंच उभी आहेत.

हडप्प्याच्या नशिबी हे नव्हतं. एकोणिसाव्या शतकात लाहोर-मुलतान रेल्वे टाकताना ठेकेदारांनी तिथल्या विटा खडी म्हणून उचलून नेल्या. रुळाखाली घालता येईल इतकी ती वीट पक्की होती, आणि त्या पक्केपणानेच शहराचा घात केला.

रस्ते खरंच काटकोनात होते का?

शाळेच्या पुस्तकातला बुद्धिबळाच्या पटासारखा नकाशा जरा बाजूला ठेवा. मोठे रस्ते ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जातात हे बरोबर. मोहेंजोदडोचा मुख्य रस्ता नऊ-दहा मीटर रुंद आहे. दोन बैलगाड्या सहज एकमेकींना ओलांडून जातील. पण आतल्या गल्ल्या वळतात, अरुंद होतात, मध्येच कुणाच्या तरी भिंतीशी संपतात. घरांचे दरवाजे बहुधा या गल्ल्यांत उघडतात. मोठ्या रस्त्याच्या बाजूला बऱ्याचदा नुसती भिंत. धूळ आणि वर्दळ घरात नको, एवढंच त्यामागे असेल किंवा आणखी काही.

मापाची शिस्त बघायची तर कालीबंगाचे रस्ते बघा. तिथल्या रुंदी १.८, ३.६, ५.४ आणि ७.२ मीटर अशा नोंदवल्या आहेत. म्हणजे सगळ्या १.८ च्या पटीत. गल्लीची रुंदी एक धरली, तर पुढचे रस्ते दुप्पट, तिप्पट, चौपट.

ही शिस्त कायम टिकली नाही. मोहेंजोदडोच्या शेवटच्या काळात बांधकाम हलक्या हाताचं झालं, मोठ्या खोल्यांचे तुकडे पडले आणि भट्ट्या वस्तीच्या आत आल्या. अतिक्रमण रोखणारं कुणीतरी आधी होतं आणि नंतर राहिलं नाही, असं त्यावरून वाटतं. ते कोण, हा प्रश्न पुढे येईलच.

घरातल्या सांडपाण्याची वाट नेमकी कशी होती?

एका घराची मोरी जवळून पाहू. घराच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात छोटी न्हाणी. जमिनीवर विटा घासून इतक्या जवळजवळ बसवलेल्या की दरजेत नखही शिरणार नाही. चारही बाजूंना विटेची हलकी कड आणि फरशीला एका कोपऱ्याकडे ढाळ. त्या कोपऱ्यात भिंतीतून आरपार भोक. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतली मोरी ज्याने पाहिली असेल, त्याला हे चित्र वेगळं समजवायला नको. वरच्या मजल्यावरून पाणी खाली आणायला भिंतीत भाजक्या मातीचे नळ एकात एक बसवलेले सापडतात.

भिंतीबाहेर आलेलं पाणी थेट रस्त्यावर सोडलेलं नाही. जिथे रस्त्याचं गटार जवळ होतं, तिथे ते त्यात जायचं. जिथे नव्हतं, तिथे बाहेर एक मोठा रांजण पुरलेला असे, कधी बुडाला भोक पाडलेला. पाणी जमिनीत मुरायचं, गाळ आत राहायचा. हा आपला शोषखड्डाच.

रस्त्याचं गटार म्हणजे विटांनी बांधलेली, वरून विटांनी किंवा दगडी फरशांनी झाकलेली नाली. मोहेंजोदडोच्या बांधकामांचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या मिखाएल यान्सेन यांनी या नाल्यांची खोली ५० ते ६० सेंटिमीटर आणि उतार मीटरमागे साधारण २ सेंटिमीटर असा दिला आहे. हा आकडा वाचून सोडून देऊ नका. ३० मीटर लांबीची नाली घ्या. मीटरला २ सेंटिमीटर म्हणजे दुसऱ्या टोकाला तळ ६० सेंटिमीटर खाली गेला. एवढी तर नालीची सगळी खोलीच. सपाट रस्त्यावर हे जमवायचं तर नाली कुठे सुरू होणार, कुठे संपणार आणि टोकाला किती खोल जाणार, हे पहिली वीट लावण्याआधी ठरवावं लागतं. उतार कमी पडला तर गाळ बसतो. प्रत्येक घरमालकाने आपापल्या दारापुढे मनाला येईल तसं खणलं असतं, तर हा ढाळ कधीच मिळाला नसता. रस्त्याच्या रुंदीपेक्षा नालीचा तळ हा मला नियोजनाचा जास्त भक्कम पुरावा वाटतो.

नाली वळते तिथे विटा गोलाईत घातलेल्या आहेत, कारण काटकोनात पाणी आपटून कचरा अडकतो. ठरावीक जागी नालीपेक्षा खोल हौद आहेत. जड गाळ त्यात बसायचा आणि वरचं पाणी पुढे जायचं. झाकणं उचलून तो उपसला जात असणार, कारण उपसलेल्या गाळाचे ढीग नाल्यांच्या कडेला तसेच सापडले आहेत. म्हणजे साडेचार हजार वर्षांपूर्वीही गाळ काढून गटाराच्या काठावर ठेवून देत, आणि निदान काही वेळा तो तिथेच राही.

एवढं पाणी यायचं कुठून?

आडांतून. मोहेंजोदडोमध्ये सातशेच्या आसपास विहिरी असाव्यात असा यान्सेन यांचा अंदाज आहे. बऱ्याच घरांच्या आत आहेत, काही गल्लीतून जाता येईल अशा. विहीर गोल बांधायला त्यांनी खास पाचरीच्या आकाराची वीट केली, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद. अशा विटा गोलात लावल्या की एकमेकींना दाबून धरतात आणि बाहेरच्या मातीचा रेटा आला तरी आत ढासळत नाहीत. काही विहिरींच्या काठाच्या विटांवर दोराने पडलेल्या खाचा आहेत. कुणी ओढलं ते पाणी, किती पिढ्या, ते माहीत नाही, पण खाच बोटाने चाचपून पाहता येते.

आज तिथे गेलात तर विहिरी मनोऱ्यांसारख्या उभ्या दिसतात. कारण साधं आहे. जुनी घरं पडली की त्यांच्यावर नवी बांधली जायची, रस्ता वर चढायचा, आणि विहिरीचा काठही थरावर थर देऊन वर न्यावा लागायचा. खोदणाऱ्यांनी आजूबाजूची माती काढली आणि विहिरीची नळी तेवढी उभी राहिली. गटारांचंही तसंच. रस्ता वर गेला की नालीच्या कडाही उंच कराव्या लागत. शहर एकदाच आखलं आणि झालं, असं हे काम नव्हतं. पिढ्यान् पिढ्या कुणीतरी त्याची डागडुजी करत होतं.

प्रत्येक सिंधू शहरात अशी गटारं होती का?

नव्हती. कालीबंगामध्ये रस्त्याची गटारं जवळपास दिसतच नाहीत. सांडपाणी बाहेरच्या रांजणांत जायचं. धोलावीराचा सगळा भर पावसाचं पाणी साठवण्यावर आहे, शहराभोवती मोठमोठे तलाव आहेत. जिथे पाण्याचा प्रश्न जसा, तसा तोडगा.

वजनांबद्दल इतकं कौतुक का होतं?

कारण ती हजार किलोमीटरवरही जुळतात. चर्ट नावाच्या कठीण दगडाचे घासून गुळगुळीत केलेले घन, त्यांच्यावर एकही खूण नाही. सर्वांत लहान साधारण ०.८६ ग्रॅमचं. पुढे दुप्पट होत जातात: १.७, ३.४, ६.८, १३.७, २७, ५५ ग्रॅम. सर्वांत जास्त सापडणारं वजन १३.७ ग्रॅमचं, म्हणजे लहान वजनाच्या सोळापट.

दुपटीत काय सोय आहे ते करून बघा. १, २, ४, ८ आणि १६ पटीची प्रत्येकी एकच, अशी पाच वजनं घ्या. ११ भाग मोजायचे? ८, २ आणि १ ठेवा. २१? १६, ४ आणि १. एक ते एकतीसपर्यंतचा कुठलाही पूर्ण आकडा या पाच दगडांत निघतो. मणी, तांबं, कीमती दगड तोलणाऱ्याला एवढी छोटी पिशवी पुरते. मोठ्या वजनांत मात्र पद्धत बदलते, तिथे १६०, २००, ३२०, ६४० असे दहाच्या पटीतले टप्पे येतात. वरच्या टोकाला जवळजवळ ११ किलोचं वजन आहे.

बहरीनमध्येही याच मापाची वजनं सापडली आहेत. म्हणजे आखातातले व्यापारी हा तोल ओळखत होते.

आपले सोळा आणे तिथूनच आले का?

हा प्रश्न मराठी माणसाला सुचतोच. रुपयाचे सोळा आणे, शेराचे सोळा छटाक, आणि इथे सोळाची पट. आठ गुंजांचं वजन सिंधूच्या सर्वांत लहान वजनाच्या जवळ येतं, म्हणून सुरुवात गुंजेपासून झाली असावी असंही काही अभ्यासक म्हणतात. पण मधल्या काळातली साखळी तुटलेली आहे, आणि वस्तू निम्म्या-निम्म्या करत गेलं की कुठल्याही समाजात सोळा येतोच. त्यामुळे मी याला साम्य म्हणेन, वारसा म्हणणार नाही.

विटा आणि वजनं सारखी म्हणजे एकच राजा असणार ना?

इथे जपून बोलायला हवं. विटेचं प्रमाण गवंड्यांबरोबर गावोगाव जाऊ शकतं, त्याला हुकूम लागत नाही. वजनाचं थोडं वेगळं आहे. वजन खोटं निघालं तर भांडण होतं, तेव्हा कुणीतरी ते तपासत असणार. हडप्प्यात वजनं वेशीजवळच्या भागात जास्त मिळाली, त्यावरून तिथे उत्खनन केलेले जोनाथन मार्क केनॉयर यांनी तिथे मालावर कर घेत असावेत असं मत मांडलं. ते पटण्यासारखं आहे. पण कर घेणारा राजा होता, व्यापाऱ्यांची पंचायत होती की आणखी कुणी, हे त्या दगडावर लिहिलेलं नाही.

राजवाडा म्हणून निर्विवाद दाखवता येईल अशी इमारत नाही. सोन्याने भरलेली राजाची कबर नाही. 'पुरोहित राजा' म्हणून प्रसिद्ध असलेली दगडी मूर्ती जेमतेम साडेसतरा सेंटिमीटरची आहे आणि ते नाव खोदणाऱ्यांनी दिलेलं आहे. ती ज्या भागात सापडली त्याचं नावही असंच पडलेलं: डी. के. विभाग, म्हणजे तिथे खोदकाम करणारे काशिनाथ नारायण दीक्षित. हे पंढरपूरचे, पुढे पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झाले. 'धान्याचं कोठार' म्हणून दाखवतात त्या इमारतीत धान्य मिळालेलं नाही. महास्नानगृहाचंही तेच. सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि २.४ मीटर खोल तलाव, पाणी झिरपू नये म्हणून विटांमागे डांबराचा थर. बांधणी सगळी कळते, पण तिथे उतरायचा अधिकार कुणाला होता ते कळत नाही.

लिपी अजून का वाचता येत नाही?

मजकूर फार तोकडा आहे. एका मुद्रेवर सरासरी पाच चिन्हं. एकूण वेगवेगळी चिन्हं चारशेच्या आसपास. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, तशी अवस्था. शिवाय तोच मजकूर दोन लिप्यांत असलेला लेख मिळालेला नाही, जसा इजिप्तच्या लिपीसाठी मिळाला होता. भाषा द्राविडी कुळातली असावी असं मानणारे बरेच आहेत, वेगळं मानणारेही आहेत, आणि ही चिन्हं म्हणजे भाषेची लिपीच नव्हे असा दावा २००४ मध्ये तीन संशोधकांनी केला. मेसोपोटेमियात 'मेलुहा' नावाच्या देशाचे उल्लेख आहेत, तो बहुधा हाच प्रदेश. तिथली एक मुद्रा शू-इलीशू नावाच्या माणसाची आहे आणि त्याचा व्यवसाय लिहिलाय 'मेलुहाच्या भाषेचा दुभाष्या'. ही भाषा येणाऱ्या एका माणसाचं नाव आपल्याला माहीत आहे. ती बोलणाऱ्यांपैकी कुणी घरात कुणाला काय हाक मारत होतं, ते माहीत नाही.

आर्यांनी येऊन कत्तल केली, हे कितपत खरं?

ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी ही कल्पना लोकप्रिय केली. मोहेंजोदडोच्या वरच्या थरात वेडेवाकडे पडलेले काही सांगाडे हा आधार. अमेरिकी पुरातत्त्वज्ञ जॉर्ज डेल्स यांनी १९६४ मध्ये दाखवून दिलं की ते सगळे एका काळातले नाहीत आणि लढाईच्या खुणा, जळालेले तट, शस्त्रांचा खच, काही नाही. आज हे मत जवळपास कुणी धरत नाही. पाऊसमान बदललं, नद्या हटल्या, व्यापार आटला, लोक पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे पांगले, अशी मिळून कारणं दिली जातात.

वंशाबद्दल बोलायचं तर हरियाणातल्या राखीगढी या सिंधू शहराच्या उत्खननात पुण्याच्या डेक्कन कॉलेजचा मोठा वाटा आहे. तिथल्या अनेक सांगाड्यांपैकी एकाच स्त्रीचा डीएनए पुरेसा मिळाला आणि २०१९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिच्यात मध्य आशियाई गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा वंश आढळला नाही. पण एका बाईवरून लाखो लोकांचं वर्णन करता येत नाही, मग चर्चेत कुठलीही बाजू घेतलेली असो.

महाराष्ट्रात या संस्कृतीचं काही आहे का?

आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठी दायमाबादला उत्तर हडप्पा काळाचा थर सापडला: कच्च्या विटांनी बांधून काढलेली कबर, आणि सिंधू चिन्हं असलेल्या वस्तू. १९७४ मध्ये तिथे शेतकऱ्यांना चार धातूच्या वस्तू मिळाल्या: बैलजोडीचा रथ, हत्ती, गेंडा आणि म्हैस, सगळं मिळून साठ किलोंहून जास्त. त्या खोदकामातून आल्या नाहीत, योगायोगाने हाती लागल्या, म्हणून त्या नेमक्या कुठल्या थरातल्या यावर वाद अजून मिटलेला नाही.

आणखी खोदलं तर उत्तरं मिळतील ना?

मोहेंजोदडोमध्ये सहजासहजी नाही. उघड्या पडलेल्या भिंतींना लोणा लागतो. जमिनीतलं खारं पाणी विटेत चढतं, पाणी उडून जातं, मीठ आत फुलतं आणि वीट पापुद्र्यांनी सुटून पीठ होते. मोठं उत्खनन १९६४-६५ नंतर थांबलं आहे, कारण उघडलेलं आहे तेच वाचवणं कठीण झालंय. आणि तळ तर अजून दिसलेलाच नाही. डेल्स यांनी भोकं पाडून पाहिलं तेव्हा वस्तीच्या खुणा आजच्या मैदानाच्या कितीतरी खाली मिळाल्या, पण तिथे भूजल लागतं आणि खड्डा भरून येतो. पहिला रस्ता कोऱ्या जमिनीवर आखला होता की जुन्या खेड्याच्या वाटेवर, हे सांगणाऱ्या विटा त्या पाण्याखाली आहेत.